तिसऱ्या महिन्यातलं चौथं जोडपं

अन्याय झाला तो माझ्या मावशीच्या मुलीवर. यंदाच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी सव्वातीनला, देऊळगाव राजातल्या एका शाळेच्या सभागृहात, भरल्या सभेत, हातात खडू असताना. ती दहावीत आहे. तिनं काढलेलं उत्तर बरोबर होतं. तिला शून्य मिळालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मुलीचं काहीतरी चुकलं असेल, त्याशिवाय का एवढी मोठी माणसं नाही म्हणतील.

मी बसच्या वेळांसाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी पत्रकं लिहिणारी आणि वाटणारी मुलगी. गणित माझा धंदा नाही. पण दर रविवारी आमच्या गावात, दुसरबीडपासून थोडं आत, समाजमंदिराच्या खोलीत मी सात-आठ मुलींना घेऊन बसते. बी.एस्सी. झाले आहे, तेवढं ऋण तरी फिटावं म्हणून. मावशीची मुलगी त्यात पहिल्यापासून.

सशांचं कोडं तिला मीच घातलं होतं. मला ते शाळेत भेटलं तेव्हा आमच्या बाईंनी फळ्यावर एक, एक, दोन, तीन, पाच, आठ असे आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "मागचे दोन मिळवा, पुढचा येतो. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. का मिळवायचे, मागचे तीन का नाही, दुप्पट का नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं असंही नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ससे हे आकड्यांना नटवायला आणलेत. मोर आणले असते तरी चाललं असतं.

म्हणून या मुलींना मी आकडे सांगितलेच नाहीत. कोडं तेवढं सांगितलं. सशांचं एक जोडपं, नुकतंच जन्मलेलं. कोणतंही जोडपं जन्मल्यापासून दोन महिने पूर्ण झाले की पहिल्यांदा एक जोडपं जन्माला घालतं, आणि मग दर महिन्याला एक. मरत कुणी नाही. बारावा महिना संपताना किती जोडपी?

"मरत कोनीच नाही?" एक मुलगी म्हणाली. "आमच्याकडं तर मांजरीनं दोन खाल्ले."

"कोड्यात मांजर नाही."

"मंग कोड्यातच बरं हाये सशाइले."

मावशीच्या मुलीनं घरून तीन पुरचुंड्या आणल्या होत्या. ज्वारी, तूर, हरभरा. ज्वारीचा दाणा म्हणजे आत्ता जन्मलेलं जोडपं. तूर म्हणजे एक महिन्याचं. हरभरा म्हणजे दोन महिने झालेलं, वितं, म्हणजे पिल्लं घालणारं जोडपं. महिना उलटला की ज्वारी उचलायची, तिथं तूर ठेवायची. तूर उचलायची, हरभरा ठेवायचा. हरभरा कायम हरभराच. आणि जितके हरभरे झाले, तितके ज्वारीचे नवे दाणे टाकायचे. ही पद्धत तिची. मी फक्त कोडं दिलं होतं.

पहिला महिना संपला, एक तूर. दुसरा संपला, तुरीचा हरभरा झाला आणि त्याच्याशेजारी एक ज्वारी. दोन. तिसरा संपला, हरभरा, तूर, आणि नवी ज्वारी. तीन. चौथ्याला दोन हरभरे, एक तूर, दोन ज्वारी. पाच. पाचव्याला आठ, सहाव्याला तेरा. मुली भराभर दाणे बदलत होत्या आणि भांडत होत्या की कुणी तूर खाल्ली.

सहाव्या महिन्यात ती थांबली. दाण्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "ताई, ज्वारीचे दाने मोजायची गरजच नाही."

"का?"

"आता ज्वारी पाच हायेत. दोन महिन्यांपूर्वी सगळे मिळून पाचच होते. त्या पाचांतलं लहानात लहान पण आज दोन महिन्यांचं झालं. म्हंजे त्या पाचांतल्या हरेकाले आज पिल्लं. आन् मागच्या महिन्यातले आठ तर हायेतच, ते कुठं जाते? आठ आन् पाच, तेरा."

बस, एवढंच आहे त्यात. मागचा महिना म्हणजे जे आहेत ते. त्याच्या मागचा महिना म्हणजे जे आज विणार ते. दोन्हीची बेरीज. मला पदवीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं ते तिनं डाळ-दाण्यांतून काढलं, आणि नंतर सगळे दाणे एकत्र करून घरी नेले, कारण मावशीनं मोजून दिले नव्हते तरी बघितले होते.

मग ती स्पर्धा आली. गणित शिकवणाऱ्यांचंच एक मंडळ आहे, ते दोन-तीन तालुके मिळून घेतं. लेखी परीक्षेतून दोन मुलं निवडतात आणि शेवटची फेरी सगळ्यांसमोर फळ्यावर होते. जिंकणाऱ्याला उन्हाळ्यात बुलढाण्याच्या निवासी शिबिरात जागा. एकच जागा. लेखीतून ती आणि देऊळगाव राजाच्या एका शिकवणीतला एक मुलगा अशी दोघं वर आली.

त्या जागेवर काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या काकांनी, म्हटलं होतं, "शिबिरात नंबर लागला तर अकरावीले सायन्स. रोज देऊळगाव राजाले बसनं गेली तरी मी काही म्हननार नाही. नाही लागला तर गावातलं कॉलेज, आर्ट्स. पोरीच्या जिवाचे हाल कशापायी?" काका दुष्ट नाहीत. त्यांना कुणीतरी मोठ्या माणसानं सांगायला हवं होतं की पोरगी हुशार आहे. आमचं सांगणं ते मोजत नाहीत.

त्या शनिवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगा शिक्षकांच्या. मंचावर परीक्षक, मधल्या खुर्चीवर मोठे सर. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी काढलेली प्रश्नसंचांची पुस्तकं इकडच्या प्रत्येक शाळेत आहेत, आणि समोर बसलेल्यांतले निम्मे शिक्षक त्यांच्याच हाताखाली शिकलेले. आत येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडत होता.

फळा फेरीचा तिथं एक रिवाज आहे. आधी श्रेढी, म्हणजे आकड्यांची मालिका कोणत्या प्रकारची ते, ओळखायची, मग सूत्र लिहायचं, मग किमती भरायच्या, मग उत्तर. चार पायऱ्या, प्रत्येकीला गुण. पायरी गाळली की गुण गेले. मुलांना हे इतकं घोटवलेलं असतं की कोडं ऐकायच्या आधीच त्यांचा हात "सूत्र :" असं लिहायला लागतो.

मोठ्या सरांनी प्रश्न वाचला. तो सशांचाच निघाला. शब्द जवळजवळ तेच, दोन महिने पूर्ण झाल्यावर पहिलं जोडपं हेही स्वच्छ वाचलं. फळ्याचे दोन भाग केले होते. मुलानं डाव्या बाजूला लिहिलं, पहिला महिना १, दुसरा २, गुणोत्तर २, भूमिती श्रेढी, सूत्र, किमती, उत्तर २०४८. तीन मिनिटांत खडू ठेवला. अक्षर सुंदर.

हिनं उजव्या बाजूला चित्र काढायला घेतलं. ठिपका म्हणजे नवजात, पोकळ गोल म्हणजे एक महिन्याचं, भरीव गोल म्हणजे वितं. महिन्याखाली महिना. चौथ्या ओळीला आली तेव्हा मोठे सर माईकवरून म्हणाले, "बाळ, रांगोळी झाली असेल तर गणित सुरू कर."

सभागृह हसलं. पुढच्या दोन रांगाही हसल्या.

तिनं मागे बघितलं नाही. सहावी ओळ पुरी केली, बाजूला आकडे मांडले, आणि त्यांखाली लिहिलं : या महिन्यातली जोडपी = मागच्या महिन्यातली + दोन महिन्यांपूर्वीची. मग बेरजा करत गेली. तेरा, एकवीस, चौतीस, पंचावन्न, एकोणनव्वद, एकशे चव्वेचाळीस, दोनशे तेहतीस. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"श्रेढी कोणती?" मोठ्या सरांनी विचारलं.

"सर, ही अंकगणिती नाही. पहिले तीन एक, दोन, तीन असे दिसतात, पण चौथा पाच येतो. आणि भूमितीही नाही."

"मग कोणती?"

"अशी जिच्यात मागचे दोन मिळवायचे."

"तिचं सूत्र?"

"हेच सर. खाली लिहिलंय."

"हे वाक्य झालं. सूत्र नाही." आणि सर हसत सभेकडे वळले. "पहिल्या महिन्यात एक, दुसऱ्यात दोन. पुढे चार. ससे आहेत ते, दुप्पट होणारच. उत्तर दोन हजार अठ्ठेचाळीस."

आता ती वळली. घाबरली होती, ते मला मागच्या रांगेतून दिसत होतं, पण आवाज स्पष्ट होता. "सर, तिसऱ्या महिन्यात चौथं जोडपं कोणाचं?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दोन जोडपी होती. एक मोठं, एक आत्ता जन्मलेलं. मोठ्यानं तिसऱ्या महिन्याला एक दिलं, ते तिसरं. चौथं देणार कोण? ते बारकं तर एकाच महिन्याचं आहे."

मग तिच्या तोंडून घरची भाषा निघाली. "आमच्या घरी शेळी हाये सर. शेळी व्याली म्हून तिचं करडू पन लगेच वेते काय?"

हसू पुन्हा आलं, पण या वेळी ते वेगळं होतं. मागच्या बाकांवरची खेड्यातली पोरं हसत होती आणि पुढच्या दोन रांगा चिडीचूप होत्या. त्या सभागृहात शेळी पाहिली नाही असा एकही माणूस नव्हता. बारक्या करडाला करडू होत नाही हे कळायला निवृत्त मुख्याध्यापक व्हावं लागत नाही. पण फळ्यासमोर उभं राहिलं की आमची माणसं घरची शेळी घरी सोडून येतात. फळ्यावर फक्त गुणोत्तर.

मोठ्या सरांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "इथं गणिताची स्पर्धा आहे, पशुसंवर्धनाची नाही. श्रेढी ओळखली नाही, शून्य. सूत्र नाही, शून्य. किमती नाहीत, शून्य. उत्तर चूक, शून्य." असं एकेक करून माईकवर वाचलं. सव्वातीन वाजले होते. घड्याळ फळ्याच्या वरच होतं.

टाळ्या त्या मुलासाठी वाजल्या. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे घोटवलं ते त्यानं लिहिलं. उलट मंचावरून उतरताना तो हिच्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "चौथं कोनाचं, मले बी नाही समजलं."

बाहेर चहा होता. मी सरळ शिक्षकांत घुसले. तिच्या शाळेचे गणिताचे सर कागदी कप धरून कोपऱ्यात उभे होते. मी विचारलं, "सर, तुम्ही सांगा, दोनशे तेहतीस बरोबर की नाही?"

"बरोबर हाये," ते म्हणाले. अगदी लगेच, अगदी हळू.

"मग आत का नाही बोललात?"

"अहो ताई, मोठ्या सरांना सभेत कोण टोकते? त्यांच्यापुढं बसून शिकलो आम्ही."

"म्हणून शून्य पोरीनं घ्यायचं?"

"पोरगी लहान हाये. पुढं खूप संधी येतीन तिले."

शेजारचे दुसरे एक शिक्षक म्हणाले, "आम्हालाही तिसऱ्या महिन्यालाच समजलं होतं हो. पण कार्यक्रमाचा विचका कशाला?" आणखी दोघांनी मान हलवली. म्हणजे तिथं चहा पिणाऱ्यांना सगळ्यांना माहीत होतं. भिंतीच्या आत चूक असलेलं उत्तर भिंतीच्या बाहेर बरोबर होतं, मध्ये फक्त एक दार. पोरीला शून्य देणारा माणूस एक होता. ते शून्य तिच्या हातात राहू देणाऱ्या दोन रांगा होत्या. मला पहिल्याचा राग कमी आहे. त्याचं चुकलं, आणि वयानं त्याची चूक मान्य करायची सवय मोडून टाकली. पण ज्यांना कळलं आणि जे कप फुंकत उभे राहिले, त्यांना मी काय म्हणू?

आठवड्याभरानं मी आणि ती मंडळाकडे हरकत घेऊन गेलो. मोठे सर होते, मंडळाचे आणखी दोघं होते. मी सगळं मांडलं. सरांनी ऐकून घेतलं, ते कबूल करते. मग म्हणाले, "मागची दोन पदं मिळवून पुढचं पद, असा प्रकार दहावीच्या अभ्यासक्रमात नाही."

"भूमिती श्रेढी तरी कुठं आहे सर?" मी विचारलं. "आताच्या दहावीच्या पुस्तकात फक्त अंकगणिती आहे. भूमिती तुमच्या वेळच्या पुस्तकात होती."

मग मंडळाच्या त्या दोघांतले एक जण समजुतीच्या सुरात म्हणाले, "आपण असं करू. मुलीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र देऊ. चित्र छान काढलं होतं तिनं."

आता ती म्हणाली, "सर, चित्राचं नको. तिसऱ्या महिन्यात तीन की चार, तेवढं सांगा."

"बेटा, निकाल जाहीर झाला आहे."

"निकालाचं नाही विचारलं सर. सशाचं विचारलं."

एक जण खिडकी लावायला उठला. आम्ही बाहेर पडलो. बसस्टँडवर मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर रड. ती म्हणाली, "रडू काऊन? मी काय चुकली?"

घरी काकांनी फक्त विचारलं, "लागला का नंबर?" मी तावातावानं सगळं सांगितलं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "तू म्हनतं ते खरं असंन. पन एवढे मास्तर तिथं होते, एक बी कसा नाही बोलला? एक बी नाही बोलला म्हंजे पोरीचंच काहीतरी चुकलं असंन." काकांचा हिशोब साधा आहे. दोन रांगा मास्तर विरुद्ध एक पोरगी. त्या दोन रांगांनी तोंड उघडलं नाही, आणि त्यांचं न बोलणं माझ्या काकांच्या घरात पुरावा म्हणून उभं राहिलं. आता ती बोर्डाची परीक्षा देते आहे. अकरावीच्या अर्जाची वेळ येईल तेव्हा काका आर्ट्सच म्हणतील. तिनं वाद घालणं थांबवलं आहे. मला सगळ्यात जास्त धास्ती त्याची आहे. सभागृहात मोठ्या सरांना प्रश्न विचारणारी पोरगी घरात वडिलांना विचारेनाशी झाली आहे.

कुणी म्हणतं, एवढ्याशा सशांवरून किती ओरडतेस. ओरडते, कारण ससे एवढेसेच आहेत. तिसऱ्या महिन्यात तीन. ह्यात मत नाही, पक्ष नाही, जात नाही, कुणाचं काही बिघडत नाही. एवढं खरं, एवढं स्वस्त, कुणालाही पेन्सिलीनं तपासता येणारं सत्य जर दोन रांगा शिक्षक सभेत उठून म्हणू शकत नाहीत, तर त्याहून अवघड काही ते आमच्या मुलांसाठी कधी म्हणतील?

त्या मुलाची जागा काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याला जाऊ द्या. शिबिराची यादी अजून बंद झालेली नाही, आणि एका मुलीची गादी जास्त पडल्यानं बुलढाण्याच्या कुठल्याही खोलीची भिंत फुटणार नाही.

तेव्हा तुम्ही, जे हे वाचत आहात. तुम्ही त्या दिवशी पुढच्या रांगांत बसला होतात, तर जे कप हातात घेऊन बाहेर म्हणालात तेच एका कागदावर लिहा, खाली तुमचं नाव घाला, मंडळाला द्या, आणि त्याची एक प्रत घेऊन माझ्या काकांच्या घरी या. त्यांच्यासमोर बसा आणि मोठ्यानं सांगा की पोरीचं बरोबर होतं. तुम्ही तिथं नव्हतात पण कुठंतरी गणित शिकवता, तरीही लिहा. आणि दोन्हीही नसाल, तर एक पेन्सिल घ्या, सहाव्या महिन्यापर्यंत स्वतः काढून बघा. तेरा आले, तर गप्प बसायचा हक्क तुम्हालाही उरलेला नाही. अकरावीचे अर्ज सुटायच्या आत लिहा.